अंतरावरचा कर: परभणीहून वित्तमंत्र्यांना खुले पत्र

परभणी, ऑगस्ट २०२५

प्रति,
माननीय वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर, लिटरमागचा अधिभार आणि डेपोपासून दूरच्या जिल्ह्यांवर पडणारा जादा बोजा

सप्रेम नमस्कार.

मी परभणीत मोटर वायंडिंगचं काम करतो. बोअरमधली सबमर्सिबल जळाली की शेतकऱ्याचा फोन येतो आणि मी मोटारसायकल काढतो. कधी पाथरी, कधी मानवत, कधी पूर्णेच्या पुढचं एखादं गाव. दिवसाला सरासरी सत्तर किलोमीटर फिरणं होतं, म्हणजे महिन्याला पस्तीसेक लिटर पेट्रोल लागतं. त्याआधी नऊ वर्षं मी एका पेट्रोल पंपावर हिशेबनीस होतो. कंपनीचं बिल, टाकीत सळई सोडून साठा मोजायची ती डिप, रोजचा दर, सगळं माझ्या हातानं वहीत चढवलं आहे. पंपावर नोझल घेऊन उभ्या असलेल्या पोराला लोक विचारतात, "अरे, मुंबईला स्वस्त आणि आपल्याकडं महाग कसं?" त्या पोराजवळ उत्तर नसतं. माझ्याजवळ बरंचसं आहे. ते आपल्यासमोर आणि वाचणाऱ्या सगळ्यांसमोर मांडायचं म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

आधी दर कसा बनतो ते सांगतो, कारण पुढची तक्रार त्याच आकड्यांवर उभी आहे. मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांचंच उदाहरण घेतो.

आज दिल्लीत पेट्रोल ९४ रुपये ७७ पैसे आहे. त्यात तेल कंपनीनं पंपचालकाला लावलेला दर, थोडी वाहतूक धरून, साधारण ५३ रुपये ७ पैसे. कच्चं तेल, ते शुद्ध करण्याचा खर्च आणि कंपनीचा नफा, सगळं याच्यात येतं. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. पंपचालकाचं कमिशन सरासरी ४ रुपये ४० पैसे. ही बेरीज ७९ रुपये ३७ पैसे होते आणि तिच्यावर दिल्लीचा १९.४ टक्के व्हॅट, म्हणजे १५ रुपये ४० पैसे. झाले ९४.७७.

मुंबईत तेच पेट्रोल १०३ रुपये ५० पैसे आहे. आपल्या राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि त्याशिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे ठरावीक अधिभार. दरातून आधी अधिभार वजा केला आणि उरलेल्या ९८ रुपये ३८ पैशांतून व्हॅट बाजूला काढला, तर कराआधीची रक्कम ७८ रुपये ७० पैसे निघते. म्हणजे व्हॅट लागण्याआधी मुंबईचं पेट्रोल दिल्लीपेक्षा ६७ पैशांनी स्वस्त आहे. असायलाच हवं, कारण शुद्धीकरण कारखाने तिथेच माहुलला उभे आहेत. पण राज्याचा कर चढल्यावर तेच पेट्रोल दिल्लीपेक्षा ८ रुपये ७३ पैशांनी महाग होतं. दिल्ली १५.४० घेते, महाराष्ट्र २४.८० घेतो. दोन शहरांतला सगळा फरक या दोन आकड्यांत आहे.

शेजारी गुजरात बघा. तिथं १३.७ टक्के व्हॅट आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, लिटरमागे ठरावीक अधिभार नाही. म्हणून अहमदाबादचा दर दिल्लीच्या जवळपास राहतो. कर्नाटकानं जून २०२४ मध्ये विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला आणि बंगळुरूत पेट्रोल एका दिवसात ३ रुपयांनी चढलं. त्या दिवशी कच्चं तेल महाग झालं नव्हतं. अंदमानला तर पेट्रोल समुद्र ओलांडून जातं. तिथं हा कर १ टक्का आहे आणि लिटर ८२ रुपयांच्या आसपास मिळतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार करावरच्या कराची. आपला २५ टक्के व्हॅट फक्त पेट्रोलच्या किमतीवर लागत नाही. तो केंद्राच्या शुल्कावर लागतो आणि पंपचालकाच्या कमिशनवरही लागतो. मुंबईच्या लिटरमधला व्हॅट १९ रुपये ६८ पैसे आहे. त्यातले ५ रुपये ४८ पैसे निव्वळ उत्पादन शुल्कावरचे आहेत आणि १ रुपया १० पैसे कमिशनवरचे. केंद्राला दिलेल्या करावर राज्यानं पुन्हा कर घ्यावा, हे मला कधीच पटलं नाही.

याच सवयीतून मे २०२२ मधला प्रकार घडला. २१ मेला केंद्रानं पेट्रोलवरचं शुल्क ८ रुपयांनी घटवलं. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या राज्य सरकारनं आपणही पेट्रोलवरचा कर २ रुपये ८ पैशांनी कमी केल्याचं जाहीर केलं. आठ रुपयांचे २६ टक्के काढले तर बरोबर २ रुपये ८ पैसे येतात. मुंबईत तेव्हा २६ टक्के व्हॅट होता. शुल्क उतरलं म्हणजे त्यावरचा व्हॅट आपोआप उतरणारच होता. मुंबईचा दर २२ मेला १११ रुपये ३५ पैशांवर आला तो जुलैच्या मध्यापर्यंत तिथेच राहिला. पंपावर लोक आम्हाला विचारत होते, "राज्याची कपात कधी लागू होणार?" काय सांगणार? त्यानंतर जुलैत नव्या सरकारनं अधिभार १०.१२ वरून ५.१२ केला, ती मात्र खरीखुरी पाच रुपयांची कपात होती आणि तेवढा दर उतरलाही. दोन्ही गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत, कोणत्या पक्षाचं सरकार होतं ते न लिहिता.

दुसरी तक्रार त्या अधिभाराचीच. १ ऑक्टोबर २०१५ पासून राज्यानं दुष्काळासाठी पैसा उभा करायचा म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले. तेव्हा मी पंपावर नोकरीला होतो. दुष्काळ आमच्याच भागात होता. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. टेम्पोतून पाण्याच्या टाक्या वाहणारी माणसं आमच्या पंपावर डिझेल-पेट्रोल भरत होती आणि दुष्काळाचे दोन रुपये देत होती. तेव्हा कुणी कुरकुर केली नाही, कारण पैसे कशासाठी घेतात ते समजत होतं. पाऊस पडला, धरणं भरली, तरी अधिभार गेला नाही. २०१७ मध्ये तो लिटरला ९ रुपये झाला, पुढे १० रुपये १२ पैसे, मग अर्धा होऊन ५ रुपये १२ पैसे. आज हे ५.१२ कशासाठी घेतले जातात? रस्त्यासाठी, कर्जाच्या हप्त्यासाठी, की योजनांसाठी? पंपावरच्या पावतीवर त्याचा उल्लेख नाही आणि वर्षभरात त्यातून किती आले, कुठे गेले, हे गावातल्या माणसाला कळेल अशा ठिकाणी कुठे मांडलेलं मला दिसलं नाही.

तिसरी तक्रार माझ्या जिल्ह्याची, आणि हे पत्र मुळात तिच्यासाठी आहे.

परभणीचं पेट्रोल हे वर्षानुवर्षं राज्यातल्या सगळ्यात महागड्या पेट्रोलपैकी एक आहे. २०१८ साली दर नव्वदीला टेकला तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे आमच्या शहरात आले होते. कारण साधं आहे. मुंबईच्या कारखान्यांतून पेट्रोल पाइपलाइननं मनमाडला, पानेवाडीच्या डेपोत येतं. तिथून पुढं परभणीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर टँकर. इतकं अंतर तोडून आलेला टँकर मी शेकडो वेळा उतरवून घेतला आहे. पहाटे ड्रायव्हर डोळे चोळत खाली उतरायचा. आम्ही सील तपासायचो, झाकण उघडून डिपरॉड सोडायचो, घनता बिलावरच्या आकड्याशी जुळते का बघायचो आणि मगच पाइप जोडायचो. त्या प्रवासाचा खर्च कुणीतरी द्यायला हवा, हे मला मान्य आहे. टँकर फुकट चालत नाही.

मान्य नाही ते पुढचं. वाहतुकीचा खर्च आधी किमतीत मिळवला जातो आणि मग त्या बेरजेवर २५ टक्के व्हॅट लागतो. म्हणजे वाहतुकीचा एक रुपया ग्राहकापर्यंत येताना सव्वा रुपया होतो. मुंबई आणि परभणी यांच्या दरात तीन रुपयांचा फरक धरला, तर त्यातले २ रुपये ४० पैसे टँकरचे आणि उरलेले ६० पैसे राज्याच्या तिजोरीचे. मुंबईचा माणूस एका लिटरमागे राज्याला २४ रुपये ८० पैसे देतो आणि परभणीचा माणूस २५ रुपये ४० पैसे. पेट्रोल तेच, राज्य तेच, कराचा टक्काही तोच. जास्तीचे साठ पैसे आम्ही फक्त डेपोपासून लांब राहतो म्हणून देतो. ज्या जिल्ह्यात लोकल नाही, मेट्रो नाही, संध्याकाळी सहानंतर अनेक गावांना एसटी नाही, तिथं मोटारसायकल हीच वाहतूक व्यवस्था आहे. आणि तिथंच लिटरमागे राज्याचा कर जास्त पडतो.

महिन्याला माझे एकवीस रुपये यात जातात. रक्कम छोटी आहे. पण केंद्र आणि राज्य मिळून माझ्या पस्तीस लिटरवर महिन्याला साडेसोळाशे रुपये कर बसतो, त्याला मी काही म्हणत नाही, आणि या एकवीस रुपयांना म्हणतो. कारण ते कोणीही विचार करून, ठरवून लावलेले नाहीत. टक्केवारीच्या पद्धतीतून ते आपोआप उगवले आणि कोणी काढून टाकले नाहीत.

कमिशनबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण दर वाढला की लोक पहिल्यांदा पंपवाल्यावर चिडतात. कमिशन दराबरोबर फारसं वर-खाली होत नाही. बरीच वर्षं ते होतं तिथेच होतं. ३० ऑक्टोबर २०२४ पासून पेट्रोलवर सरासरी ६५ पैशांनी वाढलं, तेव्हा कुठं ४.४० च्या आसपास पोचलं. त्यात पोरांचे पगार, वीज, बँकेचं व्याज आणि उन्हाळ्यात टाकीतून उडून जाणारं पेट्रोल, सगळं भागवायचं. २१ मे २०२२ ची शनिवारची रात्र मला आठवते. संध्याकाळी घोषणा झाली आणि तासाभरात पंप ओस पडला. उद्या सकाळी सहाला स्वस्त मिळणार असेल तर आज कोण भरेल? मी रात्री अकराला डिप घेतली. टाकीत चौदा हजार लिटर होतं, आणि त्याचे पैसे जुन्या शुल्कासकट कंपनीकडे आगाऊ भरलेले होते. नुसत्या आठ रुपयांनी गुणलं तरी १ लाख १२ हजार. तेव्हाचं कमिशन लिटरला पावणेचार रुपयांच्या आसपास. म्हणजे दोन टाक्या विकून जे मिळतं ते एका घोषणेत गेलं. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी डिपरॉड माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा एकदा टाकीत सोडून बघितला.

आता आपल्या बाजूचंही मी समजून घेतलं आहे, ते लिहितो. जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात स्वतःचे असे थोडेच कर उरले. पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, वाहन कर. शिवाय केंद्राच्या २१ रुपये ९० पैशांतले फक्त १ रुपया ४० पैसे मूळ उत्पादन शुल्क आहे. राज्यांना वाटा मिळतो तो तेवढ्यातूनच. ४१ टक्के म्हणजे देशातल्या सगळ्या राज्यांत मिळून लिटरमागे ५७ पैसे. बाकीचं विशेष शुल्क, रस्ते उपकर आणि कृषी उपकर या नावांनी घेतलं जातं आणि ते केंद्राकडेच राहतं. एप्रिल २०२५ मध्ये जे २ रुपये वाढले, तेही या न वाटायच्या भागात. पंपावरचा दर तेव्हा बदलला नाही, कारण कंपन्यांनी आपला दर तेवढाच खाली घेतला. कच्चं तेल उतरल्याचा फायदा ग्राहकाकडे येण्याऐवजी केंद्राच्या तिजोरीत गेला. याविरुद्ध राज्यानं बोलायला हवं आणि तिथं मी आपल्या बाजूनं आहे.

म्हणूनच "पेट्रोल जीएसटीत आणा" ही सोपी मागणी मी करत नाही. घटनेच्या कलम २७९अ प्रमाणे त्याची तारीख जीएसटी परिषदेनं सुचवायची आहे, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत परिषदेनं आता वेळ नाही असं ठरवलं. हिशेबही तसाच आहे. दिल्लीच्या ५३.०७ आणि ४.४० वर २८ टक्के जीएसटी लावला तर कर १६ रुपयांच्या थोडा वर जातो. आज मुंबईच्या लिटरमधून केंद्र आणि राज्य मिळून ४६ रुपये ७० पैसे घेतात. मधली तीस रुपयांची दरी कोणतंही सरकार एका रात्रीत सोडणार नाही. सभेत टाळ्या मिळतात म्हणून ही मागणी पुन्हा पुन्हा केली जाते आणि आज जे करता येईल ते बाजूला पडतं.

आज करता येईल असं मला जे दिसतं, ते मागतो:

१. पेट्रोलवरचा राज्याचा कर टक्क्यांत न ठेवता लिटरमागे ठरावीक रुपयांत घ्या. आज मुंबईचा ग्राहक देतो ते २४ रुपये ८० पैसेच सगळ्या राज्याला लावा. मुंबईतून येणारा एक पैसाही कमी होणार नाही. दूरच्या जिल्ह्यांतला अंतरावरचा जादा कर मात्र जाईल. टक्केवारी ठेवायचीच असेल, तर डेपोपासून पंपापर्यंतची वाहतूक आणि पंपचालकाचं कमिशन कराच्या मोजणीतून वगळा.

२. ५ रुपये १२ पैशांच्या अधिभाराचं कारण आणि मुदत शासन निर्णयात लिहा. त्यातून किती जमले आणि कुठे खर्च झाले, हे दर अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीत दाखवा. कारण उरलं नसेल तर तो टप्प्यानं काढा. डिझेलवरचा कर जुलै २०२४ मध्ये मुंबई-ठाणे भागात २४ वरून २१ टक्के करून आपण मुंबईचं डिझेल अहमदाबादच्या बरोबरीला आणलं, म्हणजे ठरवलं तर होतं.

३. ऑक्टोबर २०२४ अखेरीस तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूक खर्चाची फेररचना केली. ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात काही ठिकाणी पेट्रोल साडेचार रुपयांहून जास्त उतरलं. परभणी, हिंगोली, नांदेड यांच्या वाट्याला त्यातून काय आलं, हे कंपन्यांकडून लेखी मागवा आणि जाहीर करा. काही आलं नसेल तर ते मिळवून द्या.

४. प्रत्येक पंपावर आजच्या दराशेजारी पाच ओळींचा फलक लावण्याचा आदेश काढा: कंपनीचा दर आणि वाहतूक, केंद्राचं शुल्क, कमिशन, व्हॅट, अधिभार. तेल कंपन्या दिल्लीसाठी अशी फोड प्रसिद्ध करतात. परभणीसाठीही करता येईल. नोझल घेऊन उभ्या असलेल्या पोराला मग उत्तर शोधावं लागणार नाही, बोट दाखवलं की झालं.

यातली पहिली मागणी अवघड वाटली, तर वित्त विभागातल्या कोणाही अधिकाऱ्याला परभणीला पाठवा. पानेवाडीहून पहाटे येणाऱ्या टँकरचं बिल, त्या दिवशीचा मुंबईचा दर आणि परभणीचा दर शेजारी ठेवून तासाभरात हिशेब होतो. माझ्या जुन्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत, त्याही दाखवीन. पुढच्या अर्थसंकल्पाआधी आपलं उत्तर आलं, तर ते मी याच ठिकाणी जसंच्या तसं प्रसिद्ध करीन.

आपला,
परभणीतला एक मोटर वायंडिंगवाला, पूर्वीचा पंपावरचा हिशेबनीस